जेवण झालं का? आणि शेवटी एक x

गेल्या वर्षी जुलैमध्ये, ऐन थंडीत, माझा भाचा शनिवारी सकाळी हॅमिल्टनहून आमच्याकडे ऑकलंडला आला तो चेहऱ्यावर वेगळंच तेज घेऊन. येऊन त्याला चार महिने झाले होते. शिक्षण चालू, आणि जोडीला एका कॅफेत थोडे तास काम. पोहे खाता खाता त्यानं फोन माझ्या मुलीपुढे सरकवला आणि हळू आवाजात विचारलं, "ताई, याचा अर्थ काय होतो गं?"

कॅफेत त्याच्याबरोबर काम करणाऱ्या एका किवी मुलीचा मेसेज होता:

`Hey can u cover my shift next sat? Ur a legend x`

शब्द त्याला कळत होते. पुढच्या शनिवारी माझ्या जागी काम करशील का, तू ग्रेट आहेस. तो अडला होता शेवटच्या एका अक्षरावर. x म्हणजे इंग्रजीत चुंबन, हे त्यानं कुठंतरी वाचलं होतं. रात्रभर त्याला झोप नव्हती. शनिवारचं काम अर्थातच त्यानं लगेच कबूल केलं होतं.

मुलगी हसली नाही, याचं मला बरं वाटलं. ती म्हणाली, "तुमच्या कॅफेचा ग्रुप असेल ना? त्यात ती काय लिहिते ते बघू." दोघांनी मागे मागे जात ग्रुप वाचला. त्या मुलीनं दूध संपल्याचं कळवलं होतं, खाली x. किल्ली कुठे ठेवली ते सांगितलं होतं, खाली x. साठीच्या आसपासच्या आचाऱ्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या होत्या, तिथे तर दोन x. भाच्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. पोह्यांची दुसरी वाटी त्यानं घेतली नाही.

त्या दिवसापासून मी या विषयाकडे जरा लक्ष देऊन बघायला लागले. आपल्यापैकी बऱ्याच घरांत आज असे दोन-तीन फोन आहेत: एक पुण्या-नाशिकहून नुकत्याच आलेल्या भाच्याचा, एक इथेच वाढलेल्या मुलीचा, एक आपला स्वतःचा. तिन्ही फोनांवर तीच अक्षरं आणि तीच पिवळी तोंडं दिसतात. पण त्यांतून कोण कोणाला काय सुचवतंय, याचे नियम प्रत्येक भाषेत निराळे आहेत. आणि ते नियम कोणी लिहून ठेवलेले नसतात.

x म्हणजे 'लोभ असावा'

भाच्याला x समजावून सांगताना मला आठवली आपली जुनी पत्रं. माझ्या वडिलांच्या पिढीतलं कोणतंही पत्र घ्या. वरती मायना असायचा: 'ती. बाबांस सा. न. वि. वि.', नाहीतर 'चि. अमक्यास अ. उ. आ.' आणि खाली शेवट ठरलेला: 'कळावे, लोभ असावा ही विनंती.' आता लोभ म्हणजे प्रेमच. पण भाडं थकवलेल्या भाडेकरूला घरमालक पत्र लिहायचा, तेही 'लोभ असावा' म्हणूनच संपायचं. भाडेकरूला त्यात प्रेम दिसत नसे. उलट तो शेवट नसता, तर मात्र घरमालक फारच चिडलेत हे त्याला कळलं असतं.

इथल्या मेसेजमधला एकटा x नेमका तसा आहे. ब्रिटिशांची नाताळच्या कार्डावर, पत्राखाली x काढायची जुनी सवय. ती इथे आली आणि फोनवर उतरली. बायका-मुली तो जास्त वापरतात, मैत्रिणींना, बहिणींना, ओळखीच्या सहकाऱ्यांना. 'मी रागावलेले नाही, हुकूमही सोडत नाही' एवढाच त्याचा अर्थ. म्हणून काही मागितलं असेल तिथे तो हमखास येतो, कारण मागणी मऊ करायची असते. शनिवारचं काम मागणाऱ्या मेसेजखाली x आला तो याच कारणानं. अमेरिकेत हा एकटा x सहकाऱ्यांमध्ये सहसा दिसत नाही. तिथून इकडे आलेली मंडळीही सुरुवातीला आपल्या भाच्यासारखीच गोंधळतात, म्हणजे इंग्रजी चांगलं येणं हा काही त्यावरचा उपाय नव्हे.

इथे आणखी एक शब्द भेटतो. शाळेच्या पत्रकाखाली किंवा एखाद्या ईमेलखाली माओरीत 'अरोहानुई' लिहिलेलं असतं. अरोहा म्हणजे प्रेम आणि नुई म्हणजे मोठं. शब्दकोश उघडून अर्थ लावला तर मुख्याध्यापिका सगळ्या पालकांना 'अपार प्रेम' पाठवतायत असं होईल. पण अरोहा या शब्दात माया, कळवळा, आपुलकी सगळंच येतं. 'लोभ असावा' इथेही चपखल बसतं.

मग इथली मुलं खरंच एकमेकांत रस घेतात तेव्हा ते कसं कळवतात? मी मुलीला हे विचारलं तेव्हा आधी तिनं डोळे फिरवले, मग नीट सांगितलं. तिचं म्हणणं असं की खूण बघायची नसते, खुणेतला बदल बघायचा असतो. जो मुलगा कधीच x लावत नाही त्यानं एक दिवस लावला, तर तो काहीतरी आहे. जी सगळ्यांना एक लावते ती तुलाच तीन लावायला लागली, तर तेही काहीतरी. अक्षरं लांबतात: `hey` चं `heyyy` होतं. विनाकारण मेसेज येतात, म्हणजे ज्यात शिफ्ट नाही, गृहपाठ नाही, नुसतं 'हा कुत्रा बघ' आहे. आणि मग येतो तो इथला खास शब्द: `keen for a coffee?` कीन म्हणजे उत्सुक. 'येतेस का' असं सरळ न विचारता 'तुला आवडेल का' असं विचारलं, की नकार देणाऱ्यालाही जड जात नाही आणि ऐकणाऱ्यालाही. तोच मेसेज रात्री अकराला `wyd` एवढाच आला, म्हणजे 'काय करतोयस', तर त्याचा अर्थ कॉफी नसतो, हेही तिनं आईला सांगून टाकलं.

भाच्याच्या मनात आणखी एक शंका होती. ती मुलगी त्याला मधूनच 'ब्रो' म्हणायची. "म्हणजे भाऊच मानलं ना तिनं?" त्याचा प्रश्न मराठीत अगदी बरोबर होता. आपल्याकडे मुलीनं मुलाला `ho dada` लिहिलं की विषय संपला. राखी न बांधताच राखी बांधली. इथे मात्र ब्रो मुलगे मुलग्यांना म्हणतात, मुली मुलांना म्हणतात, मुली मुलींनाही म्हणतात. त्यानं दार बंद होत नाही आणि उघडतही नाही.

दुसरा फोन

हे सगळं ज्ञान देणाऱ्या माझ्या मुलीची परीक्षा दोनच महिन्यांनी आली.

गणेशोत्सवात तिची एका मुलाशी ओळख झाली. परभणीकडचा, अभियंता, वर्षभरापूर्वी आलेला. आरतीनंतर खुर्च्या उचलताना दोघं बोलले, आणि फोटो पाठवायच्या निमित्तानं नंबर दिले-घेतले गेले. आठवड्याभरानं ती वैतागून माझ्याकडे आली. "आई, हा रोज मला विचारतो मी जेवले का. याला काय करायचंय?"

मेसेज असे होते. पहिला त्याचा: `Hi. j1 zal ka?` तिला आधी `j1` हे काय तेच कळलं नव्हतं. तिनं प्रश्नचिन्ह पाठवलं, त्यानं सांगितलं. मग तिनं उत्तर दिलं: `yeah had pasta`. थोड्या वेळानं त्याचं आलं: `mg`. तिनं काहीच लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा `j1 zal ka?` आणि तिसऱ्या दिवशीही तेच.

तिला वाटलं, हा माझ्या खाण्यापिण्यावर लक्ष ठेवतोय. इंग्रजीत विचार केला तर ते खरंच विचित्र आहे. ओळख झालेल्या मुलीला रोज 'रात्रीचं जेवण केलंस का' असं इथल्या मुलानं विचारलं तर तिला दोनच गोष्टी वाटतील: हा मला जेवायला बोलावतोय, किंवा हा माझ्या आईसारखा वागतोय.

मी मात्र ते वाचून मनातल्या मनात वीस वर्षं मागे गेले होते. त्याकडे नंतर येते. आधी हे `j1` कुठून आलं ते सांगते, कारण आपल्या मुलांना ते कोणी सांगितलेलं नसतं.

इंग्रजी अक्षर J म्हणजे 'जे', आणि इंग्रजी आकडा 1 म्हणजे 'वन'. दोन्ही जोडा: जे-वन, जेवण. ण चा न झाला, पण तेवढं चालतं. हा शब्द वाचायला इंग्रजी अक्षर, इंग्रजी आकडा आणि मराठी कान तिन्ही लागतात. म्हणून तो कितीही गावठी म्हणून हिणवला गेला, तरी तो दोन भाषा येणाऱ्याचाच शब्द आहे.

त्यामागे साधा हिशोब आहे. जुन्या फोनवर एका एसएमएसमध्ये १६० इंग्रजी अक्षरं मावायची. आतली जागा ११२० बिट्सची, आणि एका इंग्रजी अक्षराला ७ बिट्स लागत. देवनागरी अक्षराला लागत १६. म्हणजे मराठीत लिहिलं की १६० ची ७० अक्षरं झाली. त्यातही फोन प्रत्येक काना-मात्रा वेगळा मोजतो: 'जेवण' आपल्याला तीन अक्षरं दिसतात, फोनला चार. अख्ख्या इंग्रजी मेसेजमध्ये एकच अक्षर देवनागरी असलं, तरी सगळा मेसेज सत्तरच्या हिशोबात जायचा. शिवाय पुष्कळ फोनवर देवनागरी उमटायचीच नाही, नुसते चौकोन दिसायचे. त्यामुळे मराठी प्रेम रोमन लिपीत गेलं.

आणि रोमन लिपीतही बोटांना कष्ट होतेच. बारा बटणांच्या फोनवर `jevan` लिहायला j साठी ५ एकदा, e साठी ३ दोनदा, v साठी ८ तीनदा, a साठी २ एकदा आणि n साठी ६ दोनदा दाबायचं. एकूण नऊ वेळा. `j1` साठी ५ एकदा, आणि १ जरा दाबून धरायचं. पांघरुणाखाली, घरच्यांना आवाज न जाता लिहायचं असेल तर नऊ आणि दोन यांत फार फरक पडतो.

न्यूझीलंडमध्येही तीच कहाणी वेगळ्या वाटेनं झाली. फोनवर बोलणं महाग आणि टेक्स्ट स्वस्त, त्यामुळे इथली शाळकरी पोरं टेक्स्टवरच वाढली. इतकी, की २००६ च्या नोव्हेंबरात इथल्या परीक्षा मंडळाला खुलासा करावा लागला होता: उत्तरातून विषय समजल्याचं स्पष्ट दिसत असेल तर टेक्स्टच्या भाषेत लिहिलं तरी गुण मिळतील, पण तसं लिहू नये हे बरं. त्यावर वर्तमानपत्रांत बराच गदारोळ झाला. `u`, `ur`, `gr8` ही अक्षरं तेव्हापासूनची. आज जागेची अडचण कोणालाच नाही. मेसेजला मर्यादा नाही, देवनागरी एका बोटावर आहे. तरीही `j1` आणि `ur` राहिलेच, कारण आता ती काटकसर नाही, जवळीक आहे. पूर्ण शब्द लिहिला की तो कोणाला तरी दूरच्याला लिहिल्यासारखा वाटतो.

लाडीगोडी असते कुठे?

मी मुलीला तिचाच नियम परत सांगितला: खूण बघू नकोस, बदल बघ. मग आम्ही दोघी मिळून त्या मुलाचे मेसेज पहिल्यापासून वाचले. (तिनं स्वतः दाखवले म्हणून. मागून फोन उघडून बघणं हे आईनंही करू नये.)

पहिल्या दिवशी, फोटो मागताना, त्यानं लिहिलं होतं: `tumhi photo pathval ka?` दोन दिवसांनी: `tu kay krtes?` माझ्या दृष्टीनं सगळी गोष्ट या दोन ओळींत होती. तुम्हीचं तू झालं होतं. आपल्याकडे हा उंबरठा आहे. बऱ्याच जणांना तो ओलांडायला महिना लागतो, काही जण 'मी तुला तू म्हटलं तर चालेल?' असं विचारतात, आणि तो प्रश्नच अर्धी कबुली असते. मुलीला ते दिसलंच नाही. इथे वाढलेल्या मुलांनी घरात 'तू'च जास्त ऐकलेलं असतं, आणि इंग्रजीतल्या `u` ला असा उंबरठाच नाही.

शिवाय मराठी क्रियापदाला लिंग आहे. `krtes` लिहिलं की समोर मुलगी आहे हे क्रियापदच सांगतं. इंग्रजीत `wyd` कोणालाही पाठवता येतो. मराठीत तसा मेसेज ज्याला-त्याला चिकटवता येत नाही, तो त्या माणसासाठीच घडवावा लागतो.

मग तो `mg`. मुलीला वाटलं होतं, काहीतरी इंग्रजी संक्षेप असेल. ते आपलं 'मग'. बोलणं संपलं आहे, विषय उरलेला नाही, पण फोन खाली ठेवायचा नाही, तेव्हा मराठी मुलगा `mg` लिहितो. त्याचा अर्थ एवढाच की जाऊ नकोस, तू काहीतरी बोल. त्याच कुळातला `bol na`. इंग्रजीत त्याचं भाषांतर 'सो?' असं केलं तर ते उद्धट वाटतं, जणू 'बरं मग, पुढे काय त्याचं?' म्हणूनच ती गप्प बसली होती.

आणि शेवटी 'जेवण झालं का'. आपल्याकडे प्रेम हा शब्द तोंडातून काढायला जड. मग ते काळजीच्या प्रश्नात बसवायचं. जेवलीस का, पोचलीस का, सर्दी कशी आहे. प्रश्न इतका निर्दोष असतो की समोरच्याला तो काळजी म्हणूनही घेता येतो. हे तर इथल्या `keen for a coffee?` सारखंच झालं. दोन्हीकडे हेतू एकच, नकार देणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला लाज वाटू नये. किवी मुलगा ते कॉफीत लपवतो, मराठी मुलगा जेवणात.

चिनी लोकांनी ते आकड्यांत लपवलंय. मुलीच्या चिनी मैत्रिणीनं मला `520` समजावलं: पाच-दोन-शून्य हे आकडे चिनी भाषेत 'वू अर लिंग' असे वाचले की ते 'वो आय नी'च्या, म्हणजे 'माझं तुझ्यावर प्रेम आहे'च्या जवळ जातात. म्हणून पाचव्या महिन्याची वीस तारीख त्यांच्याकडे प्रेमाचा दिवस झाली, आणि त्या दिवशी फोनवरून ५२० युआन पाठवले तर तो नुसता पैशांचा व्यवहार नसतो. तिला मी आमच्या कॉलेजातल्या बाकांवर कोरलेलं `143` सांगितलं. तिला ते ऐकून काहीच बोध झाला नाही, कारण त्यात आवाज नाही, इंग्रजी शब्दांतली अक्षरं मोजली आहेत: एक, चार, तीन. बॉस्टनजवळच्या मायनट्स लेज दीपगृहाचा दिवा १८९४ पासून १-४-३ असा लुकलुकतो म्हणून तिकडचे लोक त्याला प्रेमाचं दीपगृह म्हणतात. आकडे सगळ्या जगात सारखे आणि कुलपं मात्र वेगवेगळी.

आत्याचं भरीत

चित्रं तरी सगळ्यांना सारखी कळत असतील, असं वाटेल. त्याचा निकाल आमच्या घरच्या ग्रुपवर चंपाषष्ठीला लागला.

आमच्या साताऱ्याच्या आत्या खंडोबाच्या भक्त. चातुर्मासात वांगं वर्ज्य, ते चंपाषष्ठीच्या भरीत-रोडग्याच्या नैवेद्यालाच पुन्हा घरात येतं. इतक्या महिन्यांनी वांगं मिळणार या आनंदात त्यांनी भल्या सकाळी ग्रुपवर टाकलं: `आज आमच्याकडे 🍆🍆🔥 कोण कोण येणार?` ऑकलंड आणि मेलबर्नमधली तरुण मंडळी एकदम मुकी झाली. एकानं खाली कवटीचं चित्र 💀 टाकलं. आता यांच्या पिढीत कवटी म्हणजे 'हसून मेलो'. आत्यांनी घाबरून फोन केला, "अगं, कोण गेलं?"

इंग्रजी बोलणाऱ्या तरुणांमध्ये वांग्याचं चित्र पुरुषाच्या अवयवासाठी वापरतात हे आत्यांना कोण सांगणार? ते चित्र यादीत आलं २०१० मध्ये, साधी भाजी म्हणून. पाचच वर्षांत त्याचा असा वापर इतका वाढला की २०१५ मध्ये इन्स्टाग्रामनं वांग्याच्या चित्राचा शोधच बंद करून टाकला होता. वांग्याचा दोष काही नाही. मराठी घरात तेच चित्र आजही भरीतच आहे, आणि ते कोणत्या अर्थानं आलंय हे पाठवणाऱ्याच्या बाकीच्या मेसेजवरूनच कळतं. आत्यांच्या आधीच्या मेसेजमध्ये रोडगे होते.

उलट दिशेचंही एक चित्र आहे. आपला 🙏. इथे तो 'थँक यू' किंवा 'प्लीज' म्हणून वाचला जातो. आपल्याकडे तो नमस्कार, पण एखादा फार लाडात आला आणि मुलीनं नुसतं 🙏 पाठवलं, तर तो कोपरापासून नमस्कार असतो. 'आता पुरे.' इथल्या मुलाला वाटेल, आभार मानतेय, आणि तो पुढे लिहीत राहील.

इथेच खरी अडचण होऊ शकते, आणि हे भाच्याला मी बसवून सांगितलं. आपल्याकडच्या सिनेमांनी पोरांच्या डोक्यात भरवलंय की मुलगी गप्प बसली म्हणजे लाजली. मग `mg`, मग `kay zal`, मग `rag ala ka`, मग नुसती प्रश्नचिन्हं. न्यूझीलंडमध्ये गप्प बसणं हे उत्तर आहे, आणि ते उत्तर 'नाही' असं आहे. दोन मेसेजना उत्तर आलं नाही तर तिसरा लिहायचा नाही. इथे २०१५ पासून डिजिटल माध्यमांतून होणाऱ्या त्रासाविरुद्ध कायदा आहे. त्यातल्या दहा तत्त्वांपैकी एक सरळ म्हणतं की मेसेजनं कोणाचा छळ करू नये, आणि तक्रार आधी नेटसेफ या संस्थेकडे जाते. चार प्रश्नचिन्हांवरून कोणी कोर्टात जात नाही, हे खरं. पण पाठवणाऱ्याला जे प्रेम वाटतं ते घेणाऱ्याला भीती वाटू शकतं, आणि ते मोजायचं घेणाऱ्याच्या बाजूनं.

परभणीच्या त्या मुलानं तसं काही केलं नव्हतं. दिवसाला एकच मेसेज, उत्तर आलं नाही तर दुसऱ्या दिवसापर्यंत गप्प. हेही मी मुलीच्या नजरेला आणलं.

हसू आणि त्यातला काटा

तोवर मुलीनं एक गोष्ट करून टाकली होती. `j1 zal ka?` चा फोटो काढून पुण्याच्या मावसबहिणीला पाठवला होता. तिकडून हसण्याची रांग आली. "अय्या, तुला j1 वाला भेटला!" पुण्या-मुंबईच्या मुलींमध्ये हा वाक्प्रचार म्हणजे विनोद आहे. त्यावर चित्रं आहेत, विडंबनं आहेत. `Hii dear j1 zal ka` लिहिणारा म्हणजे गावाकडचा, इंग्रजी न येणारा, बावळट मुलगा, असं ठरून गेलंय.

मला ते हसू लागलं. कारण २००४ मध्ये आमचं लग्न ठरलं तेव्हा माझा होणारा नवरा ऑकलंडला आणि मी कोल्हापूरला होते. फोन महाग, म्हणून रविवारी दहा मिनिटं. एरवी रोज रात्री आठला, स्वतःचं जेवण उरकलं की, तो एक एसएमएस करायचा: `jevlis ka?` उन्हाळ्यात इथले रात्रीचे आठ म्हणजे तिकडे दुपारचे साडेबारा. त्यामुळे त्याचं रात्रीचं आणि माझं दुपारचं जेवण एकाच प्रश्नात बसायचं. आमच्या दोघांच्यात त्या वर्षभरात प्रेम हा शब्द एकदाही आला नाही. तो प्रश्न मात्र एक दिवस आला नाही, तर मला जेवण जात नसे.

हे मी मुलीला कधीच सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग तिनं पुण्याला लिहिलं की तो फोटो काढून टाक आणि पुढे पाठवला असशील तर तिथूनही काढायला सांग. आणि त्या मुलाला तिनं सरळ इंग्रजीत विचारलं: तू रोज हे का विचारतोस? त्याचं उत्तर बऱ्याच वेळानं आलं, आणि प्रथमच देवनागरीत: `काही नाही. बोलायचं होतं. दुसरं काय विचारावं ते सुचत नव्हतं.`

पुढे काय झालं ते विचारू नका. दोघं मोठी आहेत, आणि अंक सगळ्यांच्या घरी जातो. एवढं सांगते, की तिनं त्याला x चा अर्थ समजावला आणि त्यानं तिला `mg` चा.

भाचाही आता सरावला आहे. कॅफेतल्या मुलीशी त्याची छान मैत्री आहे, आणि स्वतःही तो सगळ्यांना x लावतो. मागच्या आठवड्यात चकलीचा डबा पोचल्याचं कळवताना त्यानं लिहिलं: `Mavshi dabba milala, ur a legend x`.

आणि माझी रात्रपाळी असते तेव्हा साधारण नऊच्या सुमाराला मुलीचा मेसेज येतो. तिचं मराठी अजून रोमनमध्येच आहे, स्पेलिंगचा पत्ता नाही. `Aai j1 zal ka? x`

मी डब्याचं झाकण लावता लावता उत्तर लिहिते. झालं गं. तुझं?